स्लाईडवरच्या बाणांतून टेस्ट केस: रजेच्या अर्जाचे एक उदाहरण

प्रश्न: आमच्या क्यूए टीमला वेगळे स्पेसिफिकेशन मिळत नाही. बिझनेस ॲनालिस्ट मीटिंगमध्ये दाखवलेल्या स्लाईड्सच पाठवतात. त्यांत काही मुद्दे आणि एक वर्कफ्लो असतो. आम्ही प्रत्येक मुद्द्यासाठी एक टेस्ट केस लिहितो, तरी प्रॉडक्शनमध्ये दोष निघतातच. स्लाईड्सवरून टेस्ट केस नीट कशा काढायच्या?

उत्तर:

स्लाईड ही मीटिंगमध्ये समोर बसलेल्यांना पटवण्यासाठी केलेली असते, त्यामुळे तिच्यावर सरळ मार्गाने जाणारा प्रवास ठळकपणे दिसतो आणि आडवळणे बोलताना सांगितली जातात किंवा सांगायची राहून जातात. प्रत्येक मुद्द्यामागे एक टेस्ट केस लिहिली की तोच सरळ मार्ग पुन्हा एकदा तपासला जातो, आणि तो तर डेव्हलपरने आधीच चालवून पाहिलेला असतो. म्हणून माझी पद्धत अशी आहे की स्लाईडवरून थेट टेस्ट केस लिहायला घ्यायची नाही. मध्ये एक तक्ता करायचा, त्यातल्या रिकाम्या जागा पाहायच्या आणि टेस्ट केस त्या तक्त्यातून काढायच्या. रजेच्या अर्जाचे एक उदाहरण घेऊन हे सविस्तर सांगतो, कारण त्याचे नियम बहुतेकांच्या ओळखीचे असतात.

समजा, एका स्लाईडवर पाच मुद्दे आहेत. ३ दिवसांपर्यंतची रजा टीम लीड मंजूर करेल. त्यापेक्षा जास्त असल्यास विभागप्रमुखाचीही मंजुरी लागेल. वैद्यकीय रजा २ दिवसांपेक्षा जास्त असल्यास प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे. शिल्लक रजेपेक्षा जास्त दिवसांचा अर्ज करता येणार नाही. टीम लीडने ३ दिवसांत निर्णय न दिल्यास अर्ज विभागप्रमुखाकडे जाईल. पुढच्या स्लाईडवर वर्कफ्लो आहे: सहा चौकटी, त्यांना जोडणारे बाण आणि मधोमध "दिवस < ३?" असे लिहिलेला एक निर्णयाचा डायमंड.

तक्ता करण्याआधी फाईल नीट उघडून पाहावी. पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट आला असेल तर मूळ प्रेझेंटेशन मागून घ्यावे, कारण स्पीकर नोट्स, लपवलेल्या स्लाईड्स आणि ॲनिमेशनमध्ये एकावर एक येणाऱ्या आकृत्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा गळतात किंवा एकमेकींवर चढतात. अपवाद अनेकदा या नोट्समध्येच लिहिलेले असतात. बाणांकडेही थोडे संशयाने पाहावे. चौकटीला चिकटवलेला कनेक्टर चौकट हलवली की तिच्याबरोबर हलतो, पण नुसती काढून ठेवलेली रेघ जागीच राहते आणि शेजारच्या चौकटीकडे निर्देश करू लागते. बाण नेमका कुठून कुठे जातो याची शंका आली, तर चौकट थोडी सरकवून पाहावी.

आता वर दिलेल्या दोन स्लाईड्स शेजारी ठेवून वाचा. मुद्द्यात "३ दिवसांपर्यंत" आहे, म्हणजे नेमकी ३ दिवसांची रजा टीम लीडच्या अधिकारात येते. डायमंडमध्ये मात्र "दिवस < ३" आहे, म्हणजे तीच रजा विभागप्रमुखाकडे जाते. असा विरोध दिसला की टेस्टरने आपल्या मताने एक बाजू निवडू नये. अपेक्षित निकाल लिहिताना आपण जे गृहीत धरतो तेच डेव्हलपरने गृहीत धरले असेल तर टेस्ट पास होईल आणि दोष तसाच पुढे जाईल; त्याने उलट धरले असेल, तर जे दोष म्हणून नोंदवले जाईल ते खरे तर अनुत्तरित प्रश्न असेल. ॲनालिस्टला एका वाक्यात विचारावे: "नेमक्या ३ दिवसांच्या रजेला विभागप्रमुखाची मंजुरी लागते का?" उत्तर लेखी घ्यावे आणि ते येईपर्यंत त्या टेस्ट केसचा अपेक्षित निकाल "प्रलंबित" ठेवावा. पुढच्या विवेचनात मुद्द्यातले वाक्य बरोबर आहे असे उत्तर मिळाले, असे धरू.

वर्कफ्लोच्या चौकटी म्हणजे अर्जाच्या स्थिती: मसुदा, टीम लीडकडे प्रलंबित, विभागप्रमुखाकडे प्रलंबित, मंजूर, नामंजूर आणि रद्द. बाणांवरचे शब्द म्हणजे घटना: सादर करणे, मंजूर करणे, नामंजूर करणे, परत पाठवणे, रद्द करणे आणि मुदत संपणे. शेवटची घटना कोणी बटण दाबून घडवत नाही, ती वेळेने घडते. म्हणूनच ती यादीतून हमखास सुटते. स्लाईडवर एकूण नऊ बाण आहेत. मसुदा सादर झाला की तो टीम लीडकडे जातो. टीम लीडकडून सहा बाण निघतात: मंजूर केल्यास दिवसांच्या संख्येप्रमाणे थेट "मंजूर" किंवा विभागप्रमुखाकडे, नामंजूर केल्यास "नामंजूर", परत पाठवल्यास मसुदा, मुदत संपल्यास विभागप्रमुखाकडे आणि कर्मचाऱ्याने रद्द केल्यास "रद्द". विभागप्रमुखाकडून दोनच बाण आहेत: मंजूर आणि नामंजूर.

आता डाव्या बाजूला सहा स्थिती आणि वर सहा घटना मांडून ३६ घरांचा तक्ता करा आणि प्रत्येक बाण त्याच्या घरात लिहा. टीम लीडच्या मंजुरीचे दोन बाण एकाच घरात येतात, त्यामुळे फक्त आठ घरे भरतात. २८ घरे रिकामी राहतात, आणि मुद्द्यागणिक टेस्ट केस लिहिण्याच्या पद्धतीत ही घरे कधी दिसतच नाहीत.

रिकामी घरे दोन प्रकारची असतात. काही घरांत ती घटना घडूच नये असे अभिप्रेत असते, तर काही घरांचा विचार करायचाच राहून गेलेला असतो. नुसते पाहून हा फरक कळत नाही, म्हणून मी प्रत्येक घरापाशी थांबून एकच विचारतो: प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला ही कृती करण्याचे काही कारण पडू शकते का? रजा मंजूर झाल्यावर बेत बदलला तर कर्मचाऱ्याला ती रद्द करावीशी वाटणारच, पण "मंजूर" आणि "रद्द करणे" यांचे घर रिकामे आहे. अर्ज विभागप्रमुखाकडे गेल्यावर त्याला तो दुरुस्तीसाठी परत पाठवायचा असेल, किंवा कर्मचाऱ्याला मागे घ्यायचा असेल, तर त्यासाठी बाण नाहीत. विभागप्रमुखानेच निर्णय दिला नाही तर मुदत संपून अर्ज कुठे जाणार, हे घरही रिकामे आहे. नामंजूर झालेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा सादर करता येतो की नवा करावा लागतो, आणि न पाठवलेला मसुदा टाकून देता येतो का, ही आणखी दोन घरे. असे सहा प्रश्न निघतात. ते ॲनालिस्टकडे एकत्र पाठवावेत आणि प्रत्येकासोबत तक्त्यातले घर दाखवावे. "वर्कफ्लो अपूर्ण वाटतो" अशा मोघम तक्रारीला उत्तर येत नाही, "मंजूर रजा रद्द केली तर शिल्लक परत मिळते का?" या प्रश्नाला त्याच दिवशी मिळते.

उरलेली २२ घरे निषिद्ध म्हणून धरावीत, पण ती सगळी तपासत बसण्याचे कारण नाही. स्क्रीनवर बटणच दिसत नाही एवढे पाहून अशी टेस्ट "पास" करण्याची सवय मात्र सोडावी. बटण लपवणे हे पडद्याचे काम आहे आणि कृती नाकारणे सर्व्हरचे, आणि दोष या दोहोंच्या मधल्या फटीत राहतो. पडदा आधी उघडलेला असेल, ईमेलमध्ये मंजुरीची लिंक गेलेली असेल किंवा दोन टॅब उघडे असतील, तर निषिद्ध घटना सर्व्हरपर्यंत पोहोचते. अशी वाट जिथे खरोखर उपलब्ध आहे तीच घरे निवडून टेस्ट केस लिहावी. एक केस पूर्ण लिहून दाखवतो.

पूर्वस्थिती: कर्मचाऱ्याची शिल्लक १० दिवस आहे. त्याने २ दिवसांच्या साध्या रजेचा अर्ज सादर केला आहे. टीम लीडने तो अर्ज आपल्या ब्राउझरमध्ये उघडून ठेवला आहे.

कृती: कर्मचारी दुसऱ्या ब्राउझरमधून अर्ज रद्द करतो. त्यानंतर टीम लीड पान रिफ्रेश न करता "मंजूर" दाबतो.

अपेक्षित निकाल: मंजुरी नाकारली जाते आणि अर्ज आधीच रद्द झाल्याचा संदेश दिसतो. अर्जाची स्थिती "रद्द" हीच राहते. शिल्लक १० दिवसच दिसते. कर्मचाऱ्याला मंजुरीचा ईमेल जात नाही. अर्जाच्या इतिहासात रद्द झाल्याची नोंद असते, मंजुरीची नसते.

अपेक्षित निकालात मी फक्त स्थिती लिहून थांबलो नाही. स्थिती बरोबर राहते पण ईमेल निघून जातो, किंवा स्थिती बरोबर राहते पण शिल्लक दोन दिवसांनी कमी होते, असे दोष या प्रकारच्या प्रणालींत वारंवार सापडतात. त्यामुळे प्रत्येक बाणाच्या टेस्ट केसमध्ये स्थितीबरोबर शिल्लक, सूचना आणि इतिहास यांचाही अपेक्षित निकाल लिहावा. स्लाईडवर यांतले काहीच नसते, कारण बाणावर तेवढी जागा नसते.

नऊ बाणांच्या नऊ टेस्ट केस झाल्या की पुढचा प्रश्न बाणांच्या जोड्यांचा येतो. एका स्थितीत आणणारा बाण आणि तिथून बाहेर नेणारा बाण, अशा सगळ्या जोड्या मोजल्या तर या वर्कफ्लोत त्या ११ भरतात. टी. एस. चाऊ यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत याला एक-स्विच व्याप्ती म्हणतात. ११ ही संख्या आटोक्यातली असल्याने सगळ्या जोड्या घ्याव्यात, पण वेळ कमी असेल तर मी दोन कधीच सोडणार नाही. पहिली जोडी "परत पाठवला, पुन्हा सादर केला" ही. येथे कर्मचारी मधल्या काळात दिवस बदलू शकतो. ३ चे ४ केले तर मंजुरीचा मार्ग नव्याने ठरतो का, की पहिल्या वेळी ठरलेलाच राहतो? शिल्लक पुन्हा तपासली जाते का? दुसरी जोडी "मुदत संपली, मग विभागप्रमुखाने मंजूर केला" ही. अर्ज २ दिवसांचा आहे, म्हणजे एरवी विभागप्रमुखाकडे आलाच नसता. तो आल्यावर त्याच्या मंजुरीने काम संपते का, आणि टीम लीडच्या पडद्यावर मंजुरीचे बटण अजून जिवंत आहे का? जोड्यांनीही न सापडणारे काही असते. परत पाठवून पुन्हा सादर केलेल्या अर्जाची ३ दिवसांची मुदत नव्याने सुरू होते की जुनीच चालू राहते, हे पाहण्यासाठी सादर, परत, सादर आणि मुदत संपणे असा चार बाणांचा मार्ग मुद्दाम लिहावा लागतो.

मुदतीच्या टेस्टसाठी प्रत्यक्ष तीन दिवस थांबण्याची वेळ येऊ देऊ नये. टेस्ट सर्व्हरचे घड्याळ पुढे नेता येईल किंवा मुदत मिनिटांत ठरवता येईल अशी सोय डेव्हलपरकडे सुरुवातीलाच मागावी. शेवटच्या आठवड्यात मागितली तर ती मिळत नाही. मुदत मिनिटांवर आणल्यास एक उणीव राहते, ती ध्यानात ठेवावी: सुट्टीचे दिवस मोजायचे की वगळायचे, हा भाग तपासलाच जात नाही. त्यासाठी आठवड्याच्या शेवटी सादर केलेला अर्ज आणि पुढे नेलेले घड्याळ हाच मार्ग उरतो. "३ दिवसांत" या शब्दांत कामकाजाचे दिवस अभिप्रेत आहेत का, हेही अर्थातच विचारावे.

नियमांच्या मुद्द्यांसाठी वेगळा तक्ता लागतो, ज्याला निर्णय तक्ता म्हणतात. येथे चार अटी आहेत: रजा वैद्यकीय आहे की नाही, दिवस किती (२ पर्यंत, २ च्या वर ३ पर्यंत, ३ च्या वर), प्रमाणपत्र जोडले आहे की नाही आणि शिल्लक पुरेशी आहे की नाही. यांच्या २४ जुळण्या होतात. शिल्लक अपुरी असेल तर बाकी काहीही असो, अर्ज अडवला जातो. त्यामुळे १२ जुळण्यांचा एकच नियम होतो. साध्या रजेला प्रमाणपत्राचा संबंध नाही, म्हणून तिथे ३ पर्यंत टीम लीड आणि ३ च्या वर दोघेही, असे दोन नियम उरतात. वैद्यकीय रजेत २ पर्यंत टीम लीड, २ च्या वर प्रमाणपत्र नसेल तर अडवणे, प्रमाणपत्रासह ३ पर्यंत टीम लीड आणि प्रमाणपत्रासह ३ च्या वर दोघेही, असे चार. एकूण सात नियम, म्हणजे किमान सात टेस्ट केस.

जुळण्या अशा आवळताना एक गोष्ट सांभाळावी लागते. "बाकी काहीही असो" हे खरे ठरते ते प्रोग्रॅम अटी कोणत्या क्रमाने तपासतो त्यावर, आणि तो क्रम स्लाईडवर नाही. शिल्लक अपुरी आणि प्रमाणपत्रही नाही अशी जुळणी मी म्हणूनच वेगळी आठवी केस म्हणून ठेवतो. अर्ज तर अडवला जाणारच. प्रश्न असा की कर्मचाऱ्याला दोन्ही कारणे एकदम दिसतात, की एक दुरुस्त केल्यावर दुसरे दिसते. तसेच जिथे एखादी अट असंबद्ध आहे, तिथे तिची किंमत प्रत्येक केसमध्ये बदलती ठेवावी. साध्या रजेच्या एका केसमध्ये प्रमाणपत्र जोडलेले असू द्या. ते जोडल्यामुळे अर्ज अडकला, तर तोही दोषच आहे.

दिवसांच्या सीमा तपासताना सर्वांत लहान एकक कोणते, हे आधी कळायला हवे. पूर्ण दिवसच घेता येत असतील तर ३ च्या सीमेपाशी २, ३ आणि ४ ही मूल्ये पुरतात. अर्ध्या दिवसाची रजा घेता येत असेल तर ती २.५, ३ आणि ३.५ होतात, आणि यांतले ३.५ फार महत्त्वाचे आहे, कारण दिवसांची संख्या कुठेतरी पूर्णांकात साठवली असेल तर ३.५ चे ३ होऊन अर्ज टीम लीडच्या मंजुरीनेच संपतो. याशिवाय दिवस मोजण्याची रीत ठरवून घ्यावी: दोन दिवसांच्या साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या दिवसापासून नंतरच्या दिवसापर्यंतची रजा २ दिवसांची की ४ दिवसांची? उत्तर ४ असेल, तर हीच रजा विभागप्रमुखाकडे जाते. म्हणजे सीमेची टेस्ट संख्या टाकून लिहिण्याऐवजी तारखा टाकून लिहावी, कारण वापरणारा तारखाच निवडतो.

शिल्लकीचा मुद्दा वाचायला सर्वांत सोपा आणि तपासायला सर्वांत निसरडा आहे. शिल्लक १० दिवस आहे. कर्मचारी ६ दिवसांचा एक अर्ज सादर करतो आणि तो प्रलंबित असतानाच वेगळ्या तारखांसाठी ६ दिवसांचा दुसरा अर्ज करतो. शिल्लक मंजुरीच्या वेळी कमी होत असेल आणि तपासणी फक्त सादर करताना होत असेल, तर दोन्ही अर्ज आत येतात, दोन्ही मंजूर होतात आणि शिल्लक उणे २ होते. दोन्ही अर्ज वेगवेगळे पाहिले तर प्रत्येक नियम पाळला गेलेला दिसतो. एका अर्जाच्या वर्कफ्लोमधून हा दोष दिसू शकत नाही, कारण आकृतीत नेहमी एकच अर्ज फिरत असतो. म्हणून अनेक अर्ज मिळून वापरत असलेली सामायिक गोष्ट कोणती, हे आकृतीच्या बाहेर उभे राहून शोधावे. येथे ती शिल्लक आहे. दुसऱ्या प्रणालीत साठा असेल, जागा असतील किंवा खर्चाची मर्यादा असेल.

वर्कफ्लोच्या चौकटींत "टीम लीड" आणि "कर्मचारी" या वेगळ्या व्यक्ती आहेत असे गृहीत असते, पण टीम लीडही रजा घेतो. त्याने अर्ज केला की तो कोणाकडे जातो? स्वतःकडेच आला आणि त्याला मंजूर करता आला, तर हा दोष ऑडिटमध्ये निघण्यापेक्षा आपल्याकडे निघालेला बरा. टीम लीड रजेवर असताना येणारे अर्ज आणि अर्ज प्रलंबित असताना बदललेला टीम लीड, एवढे दोन प्रसंग जोडले की भूमिकांचा भाग बऱ्यापैकी पुरा होतो.

शेवटी नोंदीविषयी. टेस्ट केसमध्ये "स्लाईड ५ नुसार" असे लिहू नये, कारण मध्ये एक स्लाईड घातली की सगळे संदर्भ चुकतात. प्रत्येक मुद्द्याला आणि प्रत्येक बाणाला आपण स्वतः क्रमांक द्यावा, त्यासोबत फाईलची आवृत्ती व तारीख लिहावी आणि ॲनालिस्टच्या उत्तरांनाही तसाच क्रमांक द्यावा, कारण आता अपेक्षित निकालाचा आधार स्लाईडइतकाच ती उत्तरेही आहेत. स्लाईड्सची नवी आवृत्ती आली की जुन्या व नव्या स्लाईड्स डोळ्यांनी ताडून पाहण्याऐवजी ३६ घरांचा तक्ता नव्याने भरावा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत. "मंजूर" स्थितीतून रद्द करण्याचा बाण नव्याने आला असेल तर त्या घरातला प्रश्न मिटतो, तिथे एक टेस्ट केस येते, आणि "मंजूर" मध्ये आणणाऱ्या दोन बाणांशी त्याच्या दोन नव्या जोड्या तयार होतात. शिल्लक परत मिळण्याचा अपेक्षित निकाल या तिन्ही केसमध्ये लिहावा लागतो.